फ्लेमिंगोचा फोटो ठाणे खाडीचाच आहे का? ओळख कुठे अडते आणि कशी सोडवायची

तक्रार: दर वर्षी डिसेंबर ते मे या काळात ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गुलाबी थव्यांचे फोटो फिरतात. खाली लिहिलेलं असतं, ‘आज सकाळी, ऐरोली खाडी’ किंवा ‘आपल्या नेरूळच्या तळ्यावर’. कुणी शंका काढली की पक्ष्याचा वितरण-नकाशा उघडला जातो. ठाणे खाडी नकाशात असतेच, मग फोटो खरा धरला जातो. काही दिवसांनी तोच फोटो केनियाचा किंवा दुबईचा निघतो. उलटही होतं. खरोखर इथला फोटो ‘एवढे पक्षी इथे कुठले’ म्हणून बाद केला जातो.

मूळ फाइल मिळत असेल तर आधी ती मागा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ठिकाण आणि वेळेची नोंद गळून पडते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते. पण फिरत फिरत आलेल्या फोटोची मूळ फाइल बहुधा हाती लागत नाही. पुढचं सगळं त्या वेळेसाठी आहे.

नकाशा का फसवतो

ठाणे खाडीत फ्लेमिंगोच्या दोन जाती येतात, लेसर आणि ग्रेटर. लेसर आफ्रिकेत आहे आणि आपल्याकडे मुख्यतः पश्चिम भारतात. ग्रेटर त्याहून दूरवर पसरला आहे: आफ्रिका, भूमध्य समुद्राचा किनारा, आखाती देश, इराण आणि भारतीय उपखंड. म्हणजे ‘ही जात ठाण्यात सापडते का’ या प्रश्नाचं उत्तर दोन्ही जातींसाठी ‘हो’ येतं आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. नकाशाचा उपयोग फोटो बाद करण्यासाठी होतो, फोटो पक्का करण्यासाठी नाही.

ईबर्डसारख्या, लोक पाहिलेले पक्षी नोंदवतात अशा संकेतस्थळांवरच्या ठिपक्यांच्या नकाशातही हीच अडचण आहे, शिवाय ठिपके पक्ष्यांइतकेच पक्षी बघणाऱ्यांच्या मागे जातात. जिथे माणसं जातात तिथे ठिपके दाट दिसतात. ठिपका नाही म्हणून पक्षी नाही, असा अर्थ काढू नका. महिन्यांची गाळणी लावून मात्र जरूर बघा. इथले मोठे थवे साधारण नोव्हेंबरनंतर जमायला लागतात आणि पाऊस सुरू होताना बहुतेक निघून जातात. थोडे पक्षी मागे राहतात, पण ‘ऑगस्टमध्ये हजारोंचा थवा’ असा दावा आला तर तिथेच थांबून विचार करायला हवा.

पहिली पायरी: चोच

फोटो शक्य तितका मोठा करून चोच बघा. लेसरची चोच गडद किरमिजी असते, टोक काळं. लांबून किंवा सावलीत ती अख्खी काळपट दिसते. ग्रेटरची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं, त्यामुळे लांबूनही दोन रंगांची सीमा कळते. लेसरची उंची ८०-९० सेंटीमीटर, ग्रेटर ११० ते १५० सेंटीमीटर. दोन्ही शेजारी उभे असतील तर चूक होण्याचं कारण नाही.

याच टप्प्यावर दोन परक्या जाती बाजूला काढता येतात. अख्खं अंग, मानही, भडक शेंदरी-गुलाबी असेल तर तो अमेरिकन फ्लेमिंगो. तो कॅरिबियन बेटं, मेक्सिकोचा युकातान भाग आणि गॅलापागोसचा. पाय राखाडी आणि मधला सांधा तेवढा गुलाबी असेल, शिवाय अर्ध्याहून जास्त चोच काळी असेल, तर तो दक्षिण अमेरिकेतला चिलीयन. या दोन जातींचा रानातला थवा ठाण्यात दिसणार नाही. काम इथेच संपलं.

रंगावर विसंबताना एक अडचण येते. फोटोचा रंग वाढवला की फिकट ग्रेटरसुद्धा लेसरसारखा गुलाबी दिसतो. म्हणून पक्ष्याआधी चिखल आणि पानं बघा. चिखलावर जांभळी झाक असेल, तिवराची, म्हणजे इथल्या नेहमीच्या खारफुटीची, पानं पोपटी चकाकत असतील, तर रंगाशी खेळ झाला आहे. मग अंगाचा रंग सोडून द्या आणि चोचीतली गडद-फिकट सीमा बघा. फोटो कृष्णधवल करून बघितला तर ती आणखी स्पष्ट होते.

थव्यातलं प्रमाणही नोंदवा. ठाणे खाडीत लेसरची संख्या कितीतरी जास्त असते, ग्रेटर अधूनमधून मिसळलेले. शेकडो पक्ष्यांच्या फोटोत एकही लेसर नसेल तर तो इथला नाही असं लगेच म्हणू नये, कारण ग्रेटरची वेगळी टोळीही बसते. पण संशयाला जागा झाली.

घरटं आणि पिल्लं हा मात्र स्पष्ट पुरावा आहे. चिखलाच्या शंकूसारख्या घरट्यांची रांग किंवा राखाडी कापसासारखी पिल्लं दिसली तर फोटो ठाणे खाडीचा नाही. हे पक्षी इथे चरायला येतात, वीण करायला नाही. भारतातली वीण मुख्यतः कच्छच्या रणात होते. मोठी झालेली, मळकट तपकिरी-राखाडी रंगाची, उडणारी पिल्लं मात्र इथे दिसतात. दोन्हींची गल्लत करू नका.

दुसरी पायरी: शेजारी कोण उभं आहे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फ्लेमिंगोचा पसारा मोठा आहे, पण त्याच्या शेजारच्या पक्ष्यांचा तितका नाही. बहुतेकांचं लक्ष गुलाबी रंगाकडे जातं आणि कोपऱ्यातला पांढरा पक्षी तसाच राहून जातो. उत्तर पुष्कळदा त्याच्यापाशी असतं.

ठाणे खाडीत चिखलावर चित्रबलाक, म्हणजे पेंटेड स्टॉर्क, नेहमीचा आहे. तो आशियातला पक्षी: भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया. आफ्रिकेत त्याच्या जागी यलो-बिल्ड स्टॉर्क असतो. दोघांची चोच पिवळी, लांब, टोकाशी किंचित वाकलेली, त्यामुळे लहान चित्रात दोघे सारखेच दिसतात. छाती बघा. चित्रबलाकाच्या छातीवर काळ्या-पांढऱ्या खवल्यांचा आडवा पट्टा असतो आणि शेपटीजवळची पिसं गुलाबी असतात. आफ्रिकेतल्याला पट्टा नसतो, छाती सरळ पांढरी आणि तोंड लाल. पक्षी प्रौढ असला पाहिजे, कारण चित्रबलाकाच्या मळकट पिल्लांनाही पट्टा नसतो. प्रौढ चित्रबलाक आणि फ्लेमिंगो एका चौकटीत असले की आफ्रिका बाद.

दुसरी जोडी पांढऱ्या कुदळ्याची. आपल्याकडचा काळ्या डोक्याचा आयबिस आणि आफ्रिकेतला सेक्रेड आयबिस उभे असताना सारखे वाटतात. उडताना फरक दिसतो. आफ्रिकेतल्याच्या पंखांची मागची कड काळी रेघ मारल्यासारखी असते आणि पाठीमागे काळ्या पिसांचा झुबका. आपल्याकडच्याचा पंख पांढरा, झुबका फार तर राखाडी. सेक्रेड आयबिस पाळीव म्हणून सुटून आखातात आणि युरोपातही रुजला आहे, त्यामुळे तो दिसला तर ‘आफ्रिकाच’ असं न म्हणता ‘ठाणे बहुतेक नाही’ इतकंच म्हणावं.

मागे टक्कल पडलेला, लांब चोचीचा, खांद्यात मान घातलेला भला मोठा मराबू करकोचा किंवा पांढऱ्या पेलिकनांची मोठी फळी असेल तर केनियाची खाऱ्या पाण्याची सरोवरं डोळ्यासमोर आणा: नाकुरू, बोगोरिया, एलेमेंटाइटा. उलट, काळपट राखाडी समुद्री बगळा (वेस्टर्न रीफ हेरॉन) दिसला तर तो प्रामुख्याने किनाऱ्याचा पक्षी आहे. पश्चिम आफ्रिकेपासून भारतापर्यंतचा किनारा शक्य राहतो, देशाच्या आतलं सरोवर जवळपास बाद होतं.

काही शेजारी काहीच सांगत नाहीत. ब्लॅक-टेल्ड गॉडविट, म्हणजे मालगुजा, ठाण्यात हजारोंनी असतो, पण तो आफ्रिकेतही हिवाळा काढतो. शेकाट्याचंही तसंच. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

तिसरी पायरी: मुळं, चिखल, पानं

खारफुटी दिसली की लोक निर्धास्त होतात. ती कुठली खारफुटी आहे ते बघायला हवं.

ठाणे खाडीत तिवराचं राज्य आहे. तिवराची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी सरळ वर आलेली असतात, साधारण वीतभर. पानांची खालची बाजू फिकट रुपेरी, त्यामुळे वारा आला की झाडोरा दुरंगी दिसतो. खोडापासून कमानीसारखी मुळं चिखलात उतरलेली असतील तर ते तिवर नाही, कांदळाच्या कुळातलं झाड आहे. भडक शेंदरी फ्लेमिंगोंच्या मागे अशी कमानींची भिंत दिसली तर तो युकातान किंवा कॅरिबियन. आपल्याकडे कांदळ आहे, पण ठाणे खाडीची कड त्याने भरलेली नाही.

खरी अडचण दुबईची. रास अल खोर या संरक्षित जागेत फ्लेमिंगो आहेत, खारफुटी आहे, ती खारफुटी तिवरच आहे आणि मागे उंच इमारती. ठाणे-नवी मुंबईच्या फोटोशी इतकं साम्य दुसऱ्या कुठल्या ठिकाणाचं नाही. फरक जमिनीत आहे. ठाणे खाडीचा चिखल गडद राखाडी, चकचकीत, पाय घातला की गुडघ्यापर्यंत जाईल असा. पाणी गढूळ. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर तिवराच्या खालच्या पानांवर राखाडी गाळ बसलेला असतो आणि त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी आडवी दिसते. त्या रेषेखाली मुळांत अडकलेलं प्लास्टिकही हमखास. आखातात जमीन वाळूची, फिकट, काठाला मिठाचा पांढरा पापुद्रा, पाणी नितळ, झाडं ठेंगणी आणि गाळाची रेघ नाही.

नाकुरू-बोगोरियाला भरती-ओहोटीच नाही. त्यामुळे चिखलात वळणावळणाचे ओहळ नाहीत, श्वसनमुळं नाहीत. काठ पांढरट सोड्याचा, मागे पिवळ्या खोडाच्या बाभळी. बोगोरियाला गरम झऱ्यांची वाफ दिसते. नामिबियातल्या वॉल्विस बे इथे भरती आहे, लेसर-ग्रेटर दोन्ही आहेत, पण खारफुटीचं एकही झाड नाही आणि मागे वाळूच्या टेकड्या.

झाडाची उंची पक्ष्याने मोजता येते. लेसर ८०-९० सेंटीमीटर धरा आणि झाडात किती पक्षी उभे मावतील ते बघा. ठाण्याला कडेचे तिवर सहज चार-पाच पक्षी उंच निघतात. पण पक्षी झाडाच्या अगदी पुढ्यात उभा असेल तरच हे माप धरा. ६०० मिलिमीटरच्या लेन्सने लांबचं सगळं जवळ ओढलं जातं. मागची इमारत आणि डोंगर दोन्ही पक्ष्याला चिकटल्यासारखे दिसतात आणि माप चुकतं. त्याच कारणाने ‘इमारत एवढी जवळ आहे म्हणजे नेरूळचं तळंच’ हा तर्कही धोक्याचा.

चौथी पायरी: दिलेल्या वेळेला पाणी कुठे असायला हवं

फोटोबरोबर तारीख आणि वेळ सांगितली असेल तर ती पाण्याशी ताडून बघा. भरतीचं वेळापत्रक हाताशी नसेल तर कोकणातला जुना हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा मिळवले की ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास भरती. खाडीच्या आत ठाण्याकडे पाणी जरा उशिरा पोचतं, म्हणून तासाभराची सूट ठेवा.

आता कुणी म्हणालं, ‘अष्टमीला भर दुपारी बारा वाजता, ऐरोलीजवळ’, तर चिखल उघडा पडलेला दिसायला हवा आणि पक्षी त्यावर चरताना. फोटोत पाणी तिवराच्या पानांना टेकलं असेल तर जागा, दिवस किंवा वेळ यांपैकी काहीतरी चुकीचं आहे. नेमकं काय चुकलं ते एवढ्यावरून कळत नाही.

हा हिशेब फक्त उघड्या खाडीला लावा. भरतीला चिखल बुडाला की पक्षी नेरूळ-सीवूड्सकडच्या तळ्यांवर सरकतात. तिथे पाणी आत-बाहेर होण्याची वाट अरुंद असते किंवा बुजलेली असते, म्हणून पाण्याची पातळी खाडीच्या वेळेबरोबर चालत नाही.

एक फोटो सोडवून बघू

समजा असा फोटो आला: पुढे साठ-सत्तर फ्लेमिंगो उथळ पाण्यात, मागे हिरवी झुडपं, त्यामागे धुरकट उंच इमारती. दावा आहे, ‘ऐरोली, जानेवारी, सकाळ’.

चोच फिकट गुलाबी, टोक काळं, सगळ्या पक्ष्यांची. म्हणजे सगळे ग्रेटर. नकाशा ऐरोलीला ‘हो’ म्हणतो, दुबईला ‘हो’ म्हणतो, जामनगरलाही. शेजारी एक काळपट समुद्री बगळा आहे. तो किनारा सांगतो, पण तिन्ही ठिकाणं किनाऱ्यालाच आहेत. दुसरा पक्षी नाही. जाती बघून जे कळायचं ते इथे संपलं.

आता झुडपं. श्वसनमुळं पेन्सिलीसारखी, म्हणजे तिवर. उंची जेमतेम दीड-दोन पक्षी. झाडं सुटी सुटी, मधून फिकट जमीन दिसते. खालच्या पानांवर गाळाची रेघ नाही, पानं बुंध्यापर्यंत स्वच्छ. पाण्यात पक्ष्यांच्या पायांची सावली तळावर पडलेली दिसते, म्हणजे पाणी नितळ. ही शेवटची खूण ठाण्याच्या विरोधात सगळ्यात जड आहे, कारण खाडीच्या गढूळ पाण्यात तळ दिसत नाही.

मागे डोंगर आहे का? ऐरोलीच्या काठावरून पूर्वेला बघितलं तर इमारतींमागे पारसिकची डोंगररांग असते. पश्चिमेला मुलुंड-भांडुपचे टॉवर आणि त्यांच्यामागे राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या. खाडीत विजेच्या तारांचे मोठे मनोरेही उभे आहेत. या फोटोत क्षितिज सपाट आहे. धुक्याने टेकड्या झाकल्या जातात हे खरं, म्हणून एकट्या सपाट क्षितिजावर निकाल देऊ नये. पण नितळ पाणी, वाळू, ठेंगणे तिवर आणि सपाट क्षितिज एकत्र आल्यावर ऐरोली टिकत नाही.

निकाल लिहायचा तो असा: ‘ठाणे खाडी नाही. रखरखीत प्रदेशातला किनारा, बहुधा आखात.’ रास अल खोर हे नाव तेव्हाच घालावं जेव्हा इमारतींपैकी एखादी ओळखू येईल. बुर्ज खलिफाची निमुळती सुई धुरकट फोटोतही कळते. ती नसेल तर आखातावर थांबावं.

डोंगर दिसला तर त्याचा रंगही वाचून घ्या. फ्लेमिंगोंच्या भर हंगामात, फेब्रुवारीनंतर, पारसिकचे उतार वाळक्या गवताने पिवळे-तपकिरी असतात. हिरवागार डोंगर म्हणजे पावसाळा किंवा त्यानंतरचे थोडे आठवडे. ‘एप्रिल’ लिहिलं आहे आणि मागे हिरवा पारसिक आहे, तर जागा बरोबर असून तारीख खोटी असू शकते.

जिथे हे सगळं अडतं

जामनगर-कच्छचा किनारा. लेसर आहेत, ग्रेटर आहेत, चित्रबलाक आहे, तिवर आहे, मिठागरं आहेत, भरतीचा मोठा चढउतार आहे आणि गाळाची रेघही आहे. फरक पावसाचा. ठाण्याला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे इथला तिवर उंच आणि दाट भिंतीसारखा. कच्छच्या आखातात तो खुरटा, विरळ, वाऱ्याने चेपलेला. काठावर वेड्या बाभळीचं रान आणि मागे सपाट कोरडी जमीन दिसली तर गुजरातकडे झुकावं. चिखलाच्या कडेला काटेरी पानांची मारांडी दाट वाढलेली असेल किंवा तिवरांमध्ये लोंबत्या फांद्यांची चिपी डोकं वर काढून उभी असेल तर ठाण्याकडे.

नुसते पक्षी आणि चिखल, बाकी काही नाही, असा जवळून कातरलेला फोटो असेल तर या दोहोंत निवड होत नाही. तेव्हा ‘भारताचा पश्चिम किनारा, नेमकी जागा ठरत नाही’ असं लिहून पाठवणाऱ्याकडून त्याच वेळी घेतलेले आधीचे-नंतरचे फोटो मागा. थव्याचा फोटो काढणारा बहुधा एकच काढत नाही, आणि न कातरलेल्या एखाद्या चौकटीच्या कडेला डोंगर, मनोरा किंवा झाडाचा बुंधा आलेला असतो.